झाकणावरची ओळ

कुकरच्या शिट्टीला मी घाबरत नाही. शिट्टी थांबली की घाबरते. शेजारच्या घरात सकाळी कुकर लागतो, एक शिट्टी होते, दुसरी होते, आणि मग नुसतं शांत झालं की माझा हात कीबोर्डवरच थांबतो. त्या बाईंनी गॅस बंद केला असणार हे मला कळतं. तरी पुढचा आवाज येईपर्यंत, भांड्याचा, चमच्याचा, कसला तरी, मला पुढचं वाक्य सुचत नाही.

मी कारंज्याला घरी बसून अनुवादाची कामं करते. घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका हा त्यातला मोठा भाग. एका वर्षी प्रेशर कुकर, मिक्सर आणि इंडक्शन शेगडी अशा तीन पुस्तिका एकदमच आल्या. पुण्याच्या एका एजन्सीतल्या समन्वयक बाई इंग्रजी फाइल पाठवायच्या, मी मराठी करून परत पाठवायची. आधीच्या कुणीतरी केलेला नमुना सोबत होता. त्यात कुकरला 'दाबपात्र' म्हटलं होतं आणि बायकांना 'उपभोक्ता'. तो वाचून माझं डोकंच फिरलं. असली मराठी लिहिणाऱ्याला कुणी कधी स्वयंपाकघरात जेवायला वाढलंय की नाही, असं मला वाटून गेलं.

मी वेगळी रीत धरली होती. माझी काकू कामरगावला असते. चौथीपर्यंत शिकलेली, हळू वाचणारी, पण ऐकायला पक्की. प्रत्येक पान झालं की मी तिला फोन लावायची आणि वाक्यं वाचून दाखवायची. इंडक्शनवर कोणतं भांडं चालेल हे वाचताना मी म्हटलं, "भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहा." ती म्हणाली, "हे बेस हाय. फ्रिजवरचं चिटकवून पाह्यता येते." काच तडकली तर शेगडी वापरू नका, प्लग काढा, हे तिला पटलं. मिक्सरच्या भांड्यात गरम पदार्थ झाकण लावून फिरवू नका, वाफेने झाकण उडतं, हेही पटलं. जिथे ती "मंग?" म्हणायची, तिथे माझं वाक्य फसलेलं असायचं. मी ते पुन्हा लिहायची. तिच्या त्या एका शब्दावर माझं निम्मं काम सुधारलं, आणि त्याचं कौतुक एजन्सीत माझं झालं.

कुकरच्या पुस्तिकेतलं भरण्याबद्दलचं वाक्यही मी तिला वाचून दाखवलं होतं. पाण्यासकट कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. डाळ, तांदूळ असे फुगणारे, फेस धरणारे पदार्थ असतील तर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. ती "हो" म्हणाली आणि आम्ही पुढे गेलो.

सगळ्यात शेवटी आला स्टिकर. झाकणावर चिकटवायचा, बोटभर उंचीचा. समन्वयक बाईंचा निरोप आला की मराठी मजकूर चौकटीबाहेर जातोय, एक ओळ कमी करा, सविस्तर पुस्तिकेत आहेच. संध्याकाळपर्यंत हवं होतं. वाफ जाईपर्यंत झाकण उघडू नका, ही ओळ काढणं शक्यच नव्हतं. वापरण्यापूर्वी वाफेची नळी मोकळी आहे का ते पाहा, हीसुद्धा नाही. मग मी डाळ-तांदळाची ओळ काढली. 'दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका' एवढं ठेवलं. स्टिकर काकूला वाचून दाखवला नाही. एवढ्याशा तीन ओळींसाठी काय फोन करायचा, असं वाटलं.

पुस्तिकेत आहेच, हे वाक्य मी स्वतःलाही ऐकवलं. पण पुस्तिकेचं आपल्याकडे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. दुकानदाराने शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड तिच्यात घालतात, पिशवीत गुंडाळतात आणि कपाटात साड्यांखाली ठेवतात. कुणी टाकत नाही आणि कुणी उघडत नाही. कुकर फुटला, हरवला, मोडीत गेला तरी पुस्तिका शाबूत असते. डोळ्यांसमोर राहतो तो स्टिकर.

तो कुकर बाजारात आला तेव्हा मी मुद्दाम भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या चाचांना झाकण दाखवून म्हटलं, "चाचा, हे मी लिहिलंय." त्यांनी चष्मा वर करून तिन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "वा बाई, आपल्या गावच्या बाईनं लिवलं." एवढी फुशारले की तिथल्या तिथे काकूसाठी सगळ्यात मोठा घेतला. महालक्ष्म्यांच्या पुरणाला होईल म्हणून.

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या, म्हणजे नैवेद्याच्या दिवशी सकाळच्या बसने मी कामरगावला गेले. आमच्याकडे त्या दिवशीचा स्वयंपाक सोवळ्यात असतो. जी रांधते ती ओल्या लुगड्याने एकटीच आत असते, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, कशाला शिवायचं नाही. मी तर एसटीतून उतरलेली. त्यामुळे मी उंबऱ्याशी पाट टाकून बसले. जुना कुकर रोजच्या वापरातला म्हणून बाजूला ठेवला होता. नवा कुकर काकूने घासून धुऊन घेतला होता.

हरभऱ्याची डाळ तिने त्यात घातली, पाणी घातलं, आणि थांबली. म्हणाली, "किती भरू वं?"

मी झाकणाकडे बघितलंही नाही. माझंच वाक्य होतं. "दोन भाग भर, एक भाग रिकामा ठेव," मी म्हणाले.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने अजून दोन वाट्या डाळ घातली आणि वर पाणी.

मला अर्ध्याचा नियम माहीत होता, मीच तो लिहिला होता. पण स्टिकरसाठी वाक्य छाटलं तेव्हा ते माझ्या डोक्यातूनही छाटलं गेलं होतं. उरलेली ओळ दुकानात मिरवून मिरवून तेवढंच खरं होऊन बसलं. शिवाय माझं सगळं लक्ष मिक्सरवर होतं. शिजलेलं पुरण काकू गरम गरमच मिक्सरला लावेल, झाकण उडेल, आणि मला उंबऱ्यावरून धावताही येणार नाही, या काळजीत मी तिला पुरण आधी कसं निववायचं ते सांगत बसले होते.

दोन शिट्ट्या झाल्या. मग कुकर गप्प झाला.

पुस्तिकेत मी लिहिलं होतं की नळीतून वाफ येणं थांबलं तर लगेच गॅस बंद करा. मी गप्प झालेल्या कुकरसमोर बसून मिक्सरबद्दल बोलत होते. काकू म्हणाली, "हा कायले मुका झाला?" आणि शिट्टी बघायला वाकली. मी "गॅस" म्हणाले, आणि तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुकर फुटला नाही. व्हॉल्व्हने त्याचं काम केलं, आतला दाब बाहेर सोडला. त्या दाबासोबत उकळती डाळ सरळ वर आली आणि काकूच्या मानेवर, गालावर आणि डाव्या डोळ्यावर पडली.

मी उंबरा ओलांडला, गॅस बंद केला, सोवळ्यातल्या पाण्याची कळशी तिच्यावर ओतली. काकू ओल्या लुगड्यानिशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "निवद राह्यला."

अकोल्याच्या दवाखान्यात तिचा डोळा वाचवायचा पुष्कळ प्रयत्न झाला. बुबुळावर पांढरा पडदा राहिला तो राहिलाच. आता त्या डोळ्याने तिला उजेड-अंधार तेवढा कळतो.

कुकर चाचांकडे नेला तेव्हा त्यांनी झाकण उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं. तारेने टोकरून डाळीच्या सालाचा एक कपटा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "फेसासंगं वर चढलं हे. अर्ध्याच्या वर तर नाही ना भरलं होतं, बाई?" मी तो कपटा मुठीत मिटला. घरी येऊन पुस्तिकेची फाइल उघडली. ती ओळ तिथे होती, अक्षरन् अक्षर मीच लिहिलेली.

त्यानंतर मी काकूला भेटत राहिले, औषधं नेत राहिले, आणि याबद्दल मूग गिळून बसले. घरी सगळे म्हणत की बिचारीचं नशीब, आणि मी मान डोलवायची. माझ्याइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिलेली नाही. ती मात्र घरात कुठेही असो, तो पांढरा डोळा माझ्याकडेच वळलेला आहे असं मला वाटायचं.

या वर्षी त्याच कुकरचा नवा मजकूर आला. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो त्याची एक खोड आहे. जुनं वाक्य पुन्हा आलं की ते आपला जुना अनुवाद आपसूक भरतं. स्टिकरची फाइल उघडली आणि माझी ओळ रकान्यात येऊन बसली, हिरव्या रंगात, बरोबर असल्याची खूण करून. मी खुर्चीवरून उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा ती तिथेच होती.

मी समन्वयक बाईंना सगळं लिहिलं. ओळ मीच काढली होती आणि त्यातून काय झालं, तेही. शेवटी लिहिलं की आता चौकट मोठी करा नाहीतर अक्षर लहान करा, पण 'डाळ, तांदूळ: अर्धा, इतर: दोन तृतीयांश' हे दोन्ही आल्याशिवाय मी फाइल देणार नाही. आठवड्याने उत्तर आलं की कंपनीने चौकट वाढवली आहे. बाजारात गेलेल्या झाकणांचं काय, असं मी विचारलं. दुकानदारांना नवे स्टिकर पाठवण्याचा विचार चालू आहे, असं कळलं. विचार अजून चालूच आहे.

मग मी कामरगावला गेले. काकू ओट्याशी भांडी घासत होती. मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. मी चुकीचं सांगितलं, डाळ अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नसते, मला माहीत होतं आणि मी विसरले, तुझा डोळा माझ्यामुळे गेला. सांगताना मी रडले. तिने हात थांबवला नाही.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"अर्ध्याचं. जलमभर अर्धाच भरला. अन् तूच तर वाचलं होतं फोनवर."

"मग काहून भरलास, काकू?"

"तू म्हनली दोन भाग. मले वाटलं, या नव्याचं येगळं असन. लिवनारी तू."

तिने घासलेलं झाकण पाण्याखाली धरलं. व्हॉल्व्ह नवा बसवलेला होता, तोच कुकर ती अजून वापरत होती. स्टिकर कोरा करकरीत होता, एक कोपरासुद्धा उचललेला नव्हता. मी विचारलं, हा अजून कसा टिकला.

"त्याच्या बाजूबाजूनं घासतो मी," ती म्हणाली. "तुयं लिवलेलं हाय ना."