साखरेचा पुडा आणि ब्याण्णवचा वेग

यजमान निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कार्यालयीन पत्रव्यवहार काही निवृत्त झाला नाही. सोसायटीचा नळ गळला तरी ते 'विषय' आणि 'संदर्भ' घालून अर्ज लिहितात आणि पोच घेतल्याशिवाय घरी येत नाहीत. त्यामुळे भाड्याच्या गाडीच्या कंपनीने, गाडी परत करून पाच आठवडे झाल्यावर, अनामत रकमेतून वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड कापल्याचा मेल पाठवला, तेव्हा मला पहिली भीती दंडाची नाही, पत्राचीच वाटली.

"मी? वेग?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "चाळीस वर्षांत मी साठच्या वर गेलेलो नाही!"

हे खरं आहे. त्यांच्यामागे बैलगाडीवालाही हॉर्न वाजवेल. मेलसोबत चलन होतं: गाडीचा नंबर, तारीख, वेळ दहा सत्तेचाळीस, जागा कर्नाळ्याजवळ, वेग ब्याण्णव, मर्यादा सत्तर. फोटोत नंबरपाटी लख्ख होती आणि पुढच्या काचेवर झाडाची सावली पडली होती. ती सावली बघून माझ्या जिवात जीव आला, कारण त्या सावलीमागे मी बसले होते.

झालं असं. पुतण्याचा साखरपुडा पेणला होता. आम्ही मुलाकडचे, म्हणजे साखरेचा पुडा आम्ही न्यायचा. तो मी स्वतः आठ दिवस खपून सजवला होता, मोती, जरी, वर लहानसा मोर. आमची जुनी गाडी विकलेली, म्हणून यजमानांनी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. हॉलवर पोचून पिशव्या उघडते तर ओटी आहे, अंगठी आहे, पेढे आहेत आणि पुडा पनवेलला फ्रिजवर. साखरपुड्याला पुडा नाही! आणि विसरणारी कोण, तर मुलाची काकू. जाऊबाईंनी हे पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितलं असतं.

यजमानांच्या झब्ब्याला खिसा नव्हता, म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये. माझं लायसन्सही तिथंच. ते मी दोन वर्षांपूर्वी रीतसर क्लास लावून काढलंय, पण किल्ली कधी हातात पडली नाही. आमची गाडी होती तेव्हा, "आपली आहे, घासली तर?" आता भाड्याची, तर, "लोकांची आहे, घासली तर?" न घासणारी गाडी त्यांना अजून सापडायची आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. साखरपुड्यात एखादी बाई दिसली नाही तर ती साडीच्या निऱ्या करतेय असंच सगळे धरून चालतात. मी पनवेल गाठलं, पुडा उचलला, शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला आणि निघाले. पळस्प्याचा फाटा सोडल्यावर कर्नाळ्याकडे रस्ता मोकळा लागला. खोटं कशाला बोलू, पुडा वेळेवर पोचवायची घाई होती, पण नुसती घाईच नव्हती. मला फार मजा येत होती. सव्वाअकराला मी हॉलवर होते. गाडी मी सावलीत लावली. संध्याकाळी यजमानांनी त्याबद्दल हॉलच्या वॉचमनला दहा रुपये दिले.

आणि आता ते पत्र सांगत होते आणि मी मोबाईलवर टाइप करत होते, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षरं त्यांना त्रास देतात.

"विषय: न केलेल्या गुन्ह्याच्या दंडाबाबत तीव्र हरकत."

"अहो, भरून टाकू या की. कशाला लांबण?"

"प्रश्न पैशाचा नाही, चारित्र्याचा आहे. लिही. सदर वेळी मी पेण येथे उपस्थित होतो. पुरावा सोबत जोडला आहे."

"कसला पुरावा?"

पुतण्याने काढलेला फोटो. एका हातात इडलीची बशी, दुसऱ्या हाताने विहिणीच्या भावाला काहीतरी पटवून देतायत, आणि फोनमध्ये फोटोची वेळ अगदी दहा सत्तेचाळीस. ते हर्षाने मांडी थोपटत होते. माझ्या मात्र सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगितलं की किल्ली कायमची गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात लग्नाला पुन्हा गाडी घ्यायची होती, आणि त्या वेळी हिंमत करून किल्ली मागायची असं मी ठरवलं होतं. मी मुकाट्याने 'आपला विश्वासू' टाइप केलं.

मेल पाठवून त्यांचं समाधान होईना. छापील प्रत आणि फोटो घेऊन ते मला रिक्षाने कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेले. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, मागे दहा-बारा गाड्या. टेबलामागचा माणूस तिथल्याच गावचा, चाळिशीचा. त्याने आधी पोचेचा शिक्का मारला, कारण यजमान शिक्क्यासाठी कागद धरूनच उभे होते. मग पत्र वाचलं, फोटो बघितला, पुन्हा पत्र वाचलं.

"काका, ह्या टायमाला तुमी इडली खात होतात?"

"पुरावा तुमच्या हातात आहे."

"बराबर हाय. पन गाडी कर्नाल्याला होती. मंग ती कोन चालवत होता?"

एवढ्या बंदोबस्ताच्या पत्रात हा प्रश्न यजमानांच्या मनाला शिवलाच नव्हता.

"गाडी तुमच्या नावावर रात्रीपर्यंत होती," तो म्हणाला. "ज्याचा लायसन्स आमी घेतलाय त्यानंच चालवायची, असा नियम हाय. दुसऱ्यानं चालवली नि काय झाला असता तर विम्याचा एक रुपया नाय भेटला असता. त्याचा दंड येगला, नि तो मोठा हाय."

"गाडी चोरीला गेली असणार!" यजमान म्हणाले. "आणि चोराने परत आणून ठेवली!"

सावलीत लावून, असंही त्यांनी पुढे जोडलं असतं. मला एकदम त्यांची दया आली, आणि लाजही वाटली. विम्याचं तर माझ्या गावीही नव्हतं.

"मी चालवत होते," मी म्हणाले आणि लायसन्स टेबलावर ठेवलं.

पुडा, फ्रिज, मोर, सगळं सांगितलं. टेबलामागचा माणूस हसू दाबायला खाली बघत होता. "काकी, बुकिंगच्या टायमाला दुसरा चालक म्हनून नाव टाकला असता तर काय प्रॉब्लेम नव्हता. आता असा करा, ही हरकत मागं घ्या नि येगाचा दंड राहू द्या. बाकीचा मी बघतो."

हरकत मागे घ्यायला पत्र लागतं. या वेळी कुणी सांगितलं नाही, मीच लिहिलं, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनाने. 'वाहन मी चालवत होते. वेग मान्य आहे.' खाली माझी सही. यजमानांनी ते हातात घेऊन दोनदा वाचलं. दुरुस्ती एकही केली नाही.

बाहेर रिक्षा लवकर मिळेना. ते म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

"तेव्हा सांगितलं असतं, तर चालवू दिली असती?"

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही.

"नसती दिली," ते म्हणाले. मग तसेच मागे वळून पुन्हा शेडमध्ये गेले. मला वाटलं, पोच विसरली. मी दारापर्यंत गेले तर ते टेबलापाशी वाकून त्या माणसाला पुढच्या महिन्याचं बुकिंग सांगत होते, आणि दुसऱ्या चालकाच्या रकान्यात माझं नाव अक्षर न् अक्षर नीट घालून घेत होते.