माया सोडलेली जागा

बुधवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. पलीकडे मामी होत्या. "वसंता, तुझे मामा उठून नाई राह्यले रे," एवढंच म्हणाल्या. मी ब्रश हातात घेऊनच निघालो. बाभुळगावच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. वाटेत मी स्वतःला सांगत होतो की शुगर कमी झाली असेल, गोळीची गुंगी असेल. आदल्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मी त्यांच्यासमोर बसून प्रार्थना चालवली होती. ते स्तोत्र म्हणाले होते, मरियेच्या गीताला उभे राहिले होते, जाताना माझ्या शर्टाची लोंबणारी गुंडी धरून "हे आणून दे उद्या, लावून देतो" म्हणाले होते. त्या माणसाचे पाय सकाळी गार कसे असतील? मी ते हातांनी चाचपून पाहिले, तरी मला खरं वाटलं नाही. आज तीन आठवडे उलटून गेले. अजूनही पूर्ण खरं वाटत नाही.

शांतवनमामा माझे सख्खे मामा नव्हते. आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सगळे त्यांना मामाच म्हणत. ते शिंपी होते. पुढे दुकान आणि मागे दहा बाय बाराची खोली, तिथं दर मंगळवारी दिवेलागणीला आमची सायंप्रार्थना व्हायची. आम्ही आठजण. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत, त्यामुळे एरवी आमचं आम्हीच चालवायचो. दोन लाकडी बाकं समोरासमोर, मध्ये कापड कापायचं टेबल आणि त्यावर एक दिवा. शिलाई मशीनवर मामी पांढरी चादर टाकत. ही मांडणी शोभेसाठी नव्हती. स्तोत्र दोन बाजूंनी म्हणायचं असतं: एक ओवी या बाकाची, पुढची त्या बाकाची. ओवीच्या मध्ये एक छोटा थांबा असतो, एका श्वासाचा. आणि समोरच्या बाकाचं शेवटचं अक्षर खाली टेकल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. मला हे सगळं मामांनी शिकवलं. सुरुवातीला मी नेहमी लवकर सुरू करायचो. ते डोळे वर न करता म्हणायचे, "काहून घाई करून राह्यला? समोरच्याचं होऊ दे. टाका पक्का बसला की मग दुसरा."

पंचायत समितीत बाबू असल्यामुळे मला कागद नीट लावायची सवय, म्हणून बारा वर्षांपूर्वी मामांनी प्रार्थना चालवायचं काम माझ्याकडे दिलं. सोबत एक वही दिली. निळ्या शाईत, शिंप्याच्या ठाशीव अक्षरात अख्खा क्रम लिहिलेला. आरंभी पुढारी देवाला मदतीला धावून येण्याची विनंती करतो आणि सगळे उत्तर देतात. मग दिवा लावताना संध्याकाळचं गीत. मग त्या दिवसाचं स्तोत्र आणि त्याच्या शेवटी पित्या-पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव. मग शास्त्रातला एक छोटा पाठ, आणि त्यानंतर शांतता. मग उभं राहून मरियेचं गीत, ज्यात बलवान आसनांवरून खाली येतात आणि भुकेले तृप्त होतात. मग मध्यस्थीच्या विनंत्या. शेवटी प्रभूची प्रार्थना, समारोपाची प्रार्थना, आणि पाळक नसल्यामुळे आशीर्वादाऐवजी सगळ्यांनी मिळून म्हणायची कृपा. "आपण आशीर्वाद द्याचा नाई, मागाचा," मामा म्हणत. "म्हणून 'तुमच्याबरोबर' नाई, 'आम्हा सर्वांबरोबर' म्हणजो."

विनंत्यांचा क्रमही ठरलेला होता. आधी मंडळीसाठी, मग देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी, मग गावासाठी, शेतासाठी, राबणाऱ्या हातांसाठी, मग आजाऱ्यांसाठी, नावं घेऊन. प्रत्येक विनंतीनंतर पुढारी म्हणतो, "हे प्रभो, तुझ्या दयेने," आणि बाकीचे म्हणतात, "आमची प्रार्थना ऐक." सगळ्यात शेवटची विनंती मेलेल्यांसाठी. ती कायम शेवटीच. पण त्या वहीत आजाऱ्यांची विनंती आणि मेलेल्यांची विनंती यांच्यामध्ये मामांनी चार बोटं रिकामी जागा सोडली होती आणि कडेला लिहिलं होतं, 'इथं थांबा. कोणी बोलेल.' ज्याच्या मनात काही असेल त्यानं तिथं आपल्या शब्दांत सांगायचं. मी पहिल्यांदा विचारलं, एवढी जागा कशाला? ते हसले. "कपड्याच्या शिवणीत आत थोडं कापड जास्तीचं सोडतात, त्याले माया म्हणतात. माणूस वाढला, जाड झाला, तर तेच उसवून कामी येते. ही प्रार्थनेतली माया हाये. ही कापाची नाई."

मी ती कापली. हे मला इथं लिहायचं आहे. नाही लिहिलं तर बाकीचं लिहिणं खोटं ठरेल.

झालं असं की त्या मोकळ्या जागेत सुशीलाबाई बोलत. निवृत्त शिक्षिका, मनानं फार चांगल्या, पण त्यांची विनंती शेजारच्या बकरीपासून सुरू होऊन नातवाच्या परीक्षेपर्यंत जायची. राळेगावकडे जाणाऱ्या दोघांची बस सुटायची. एकदा एक पाहुणे म्हणाले, "वसंतराव, तुमची प्रार्थना म्हणजे सभाच हाये बाप्पा." मला ते लागलं. मागच्या वर्षी मी वहीवरून क्रम टाईप करून पत्रक काढायचं ठरवलं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी. छपाईवाला पोरगा म्हणाला, "सर, दोन ओळी खाली जाऊन राह्यल्या, दुसरा कागद लागन." मी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणालो, ही जागा काढ. तिथं फक्त तीन टिंबं ठेवली. कागद नीट बसला. मला त्या दिवशी समाधानच वाटलं.

मामांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, टिंबांवर बोट ठेवलं. "वसंता, माया कुठं गेली?"

"मामा, टिंबं आहेत ना. तिथं थांबूच की."

"टिंबात माणूस कसा मावन रे?" एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. पत्रकं सगळ्यांना त्यांनीच वाटली.

मी थांबत नव्हतो. सुरुवातीला मनात पाचपर्यंत मोजायचो, मग तीनपर्यंत, मग श्वास घ्यायचो आणि पुढे जायचो. सुशीलाबाई घरीच विनंती करू लागल्या. बस मिळू लागली. सगळं सुरळीत होतं.

त्या मंगळवारी एकशे एकेचाळिसावं स्तोत्र होतं, हात वर करणं म्हणजे संध्याकाळचं अर्पण असं म्हणणारं. त्यात भक्त देवाला आपल्या तोंडावर पहारा ठेवायला सांगतो, ओठांचं दार राखायला सांगतो. ती ओवी मामांच्या बाकाकडे आली होती. मला आठवतं, ते मधल्या थांब्याला नेहमीपेक्षा जास्त थांबले. मला वाटलं, वय झालं. मरियेच्या गीताला उभं राहताना त्यांनी मशीनचा आधार घेतला. तेही मी पाहिलं. आजाऱ्यांची नावं मी चिठ्ठीवरून वाचली, चार नावं. हे प्रभो, तुझ्या दयेने... आमची प्रार्थना ऐक. मग ती टिंबं आली. मी श्वास घेतला. समोर मामांनी मान वर केली, ओठ उघडले आणि म्हणाले, "प्रभो, माह्या..."

आणि त्याच वेळी मी वाचायला सुरुवात केली होती. "जे तुझ्यात झोपी गेले आहेत..."

मी ऐकलं नाही असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगितलं. मी ऐकलं होतं. मला वाटलं, मामांचं काय असणार, नंतर विचारू. बस सव्वासातला होती. मामांनी ओठ मिटले. समोरच्याचं चालू असताना तोंड उघडायचं नाही, हा त्यांचाच नियम. माझी विनंती संपल्यावर त्यांनी सगळ्यांबरोबर "आमची प्रार्थना ऐक" म्हटलं, स्पष्ट म्हटलं. नंतर मी विचारलं नाही. त्यांनी माझी गुंडी धरली ती तेव्हाच. कदाचित ते सांगणारच होते... पण मी घड्याळ बघितलं आणि "उद्या आणतो" म्हणालो.

माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी मामी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "रविवारपासून छातीत भरल्यासारखं होऊन राह्यलं म्हणत. मी म्हटलं, वसंताले सांगा, तो नेईन यवतमाळले. तर म्हणाले, कोणाले कायले तरास? मंगळवारी प्रार्थनेत सांगतो सगळ्याइले, मंग पाहू." हातातली घडी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सांगितलं होतं का रे त्याईनं?"

मी म्हणालो, "नाही मामी."

शब्द खरे होते. म्हणून तर ते जास्त बोचतात. आयुष्यभर लोकांची मापं घेणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी कोणाच्या दारात जाऊन मागता येत नव्हतं. त्याला मागायला एकच जागा माहीत होती, ती त्यानं स्वतः मोजून ठेवली होती, आणि ती मी दोन ओळींसाठी काढून टाकली. दवाखान्यात नेलं असतं तर ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही. ते कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांनी मागितलं असतं, हे मला माहीत आहे.

दोन मंगळवार मी गेलो नाही. तिसऱ्या मंगळवारी जुनी वही घेऊन गेलो. मामींनी मशीनवर चादर टाकलेली होती. स्तोत्र सुरू झालं आणि समोरच्या बाकाची ओवी आमच्या शेवटच्या अक्षरावर येऊन आदळली. थांबवणारं कोणी नव्हतं. आजाऱ्यांची नावं झाली. मी वहीतल्या रिकाम्या जागेवर आलो आणि थांबलो. बाजारातून टेम्पोचा आवाज येत होता. मग मीच बोललो. "प्रभो, मामा इथं बोलत होते. मी त्यांचं वाक्य तोडलं. मी ऐकलं होतं. मामींना मी नाही म्हणालो..." पुढे पुढाऱ्यानं 'हे प्रभो, तुझ्या दयेने' म्हणायचं असतं, नाहीतर बाकीच्यांना उत्तर देता येत नाही. माझ्या तोंडून ते निघेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी समोरच्या बाकावरून मामींचा आवाज आला, बारीक, पण न अडखळता: "हे प्रभो, तुझ्या दयेने..." आणि सगळे म्हणाले.

मग मेलेल्यांची विनंती. शांतवन हे नाव मी त्यात वाचलं.

कृपा म्हणून झाल्यावर मी चपला घालत होतो. वर बघायची हिंमत नव्हती. मामी दारात आल्या. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, जिथं ती गुंडी अजून लोंबत होती, आणि म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी जरा जास्त थांबजो. मलेही सांगाचं हाये काही."

पत्रकं मी परत गोळा करून आणली आहेत. वही आता माझ्या टेबलावर असते. कधीकधी मी ते पान उघडतो आणि त्या रिकाम्या जागेवर आपली चार बोटं आडवी ठेवून पाहतो. थोडी जागा उरतेच. मामांचा हात मोठा होता.