पंचावन्न की छप्पन्न

समजा, तुमच्यासमोर एक बिल आहे. रक्कम सात लाख तीस हजार. बिलाची तारीख दहा जानेवारी, पैसे द्यायची मुदत पंचेचाळीस दिवस. मुदत टळली तर वार्षिक अठरा टक्के दंड, तोही सरळ व्याजाने आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरून. निम्मे पैसे वीस एप्रिलला खात्यात आले, उरलेले सहा ऑगस्टला. आता सांगा, दंड किती? कागद-पेन्सिल घ्या, घाई नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की एक दिवस जरी इकडचा तिकडे झाला तरी समोरचा माणूस तुमचा सगळा कागद केराच्या टोपलीत टाकणार आहे. आणि त्या माणसाने दोन वर्षांपूर्वी भर ऑफिसात, चौदा जणांदेखत, तुम्हाला म्हटलेलं आहे, "तुला साधं मोजता येत नाही."

तारीखबाईला म्हटलं होतं.

हे नाव तिला वर्कशॉपमधल्या वेल्डरांनी दिलं. चहाच्या पुड्यावरसुद्धा ती आणल्याची तारीख लिहायची. वर्कशॉप लहान, स्टीलची रॅक आणि टेबलं बनवणारं. पुढे पत्र्याची शेड, मागे काचेची एक खोली, आणि त्या खोलीत ती, दोन कपाटं आणि ग्राइंडरच्या आवाजाने थरथरणारा संगणक. मालकाला सगळे दादा म्हणत. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी तीही दादाच म्हणायची, आणि तो तिला ताई.

त्याआधी अकरा वर्षं ती एका मोठ्या कंपनीत होती. पुरवठादारांची देणी भागवणाऱ्या विभागात. तिथला हिशेबप्रमुख, ज्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, चेकवर वेळेतली तारीख घालायचा आणि चेक ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचा. पुरवठादाराचा फोन आला की तारीखबाईने सांगायचं, सही बाकी आहे. एकदा एका सुताराला तिने खरं सांगून टाकलं, की चेक तयार आहे, येऊन घेऊन जा. तो आला आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी साहेबाने तिचा जुना एक तक्ता शोधून काढला, त्यात दिवसांची एक चूक होती, आणि तेवढ्यावर तिला घरी बसवलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कोणी नाही.

तेव्हापासून तिने डूख धरला होता. लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. तिचा मुरत गेला.

तर हे सात लाख तीस हजारांचं बिल त्याच कंपनीवरचं होतं. ऑगस्टात शेवटचे पैसे आले तेव्हा दादाने रागाच्या भरात, ती दोन दिवस रजेवर असताना, स्वतःच कॅल्क्युलेटर बडवून दंडाची मागणी पाठवून दिली. चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी. त्याने दिवस मोजले बिलाच्या तारखेपासून, मुदत संपल्यापासून नव्हे. आणि निम्मे पैसे मध्येच मिळाले होते हे विसरून शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर दंड लावला.

उत्तर साहेबाच्या सहीने आलं. मागणी चुकीची आहे. आमच्या हिशेबाने दंड सव्वीस हजार दोनशे ऐंशी होतो, तो मान्य असल्यास सही करून पाठवा. मान्य नसल्यास शुक्रवारी हिशेब घेऊन समक्ष या. त्यातही चूक निघाली तर हाच आकडा अंतिम. आणि खाली एक ओळ: येताना मोजता येणारी व्यक्ती आणावी.

दादाचा धीर सुटला. तो म्हणाला, सव्वीस तर सव्वीस, मोठ्यांशी वैर नको, पुढच्या ऑर्डरी जातील. तारीखबाईने ती शेवटची ओळ तीनदा वाचली होती. तिने दादाला शुक्रवारपर्यंतचा वेळ मागितला. एक चूक निघाली तर मी स्वतः सही करून येते, असं म्हणाली. दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं, अजूनही खिडकीशी मशीन मांडून शेजारणींचे कपडे अल्टर करून द्यायच्या.

हिशेब तसा सरळ होता. सात लाख तीस हजारांचे अठरा टक्के म्हणजे वर्षाला एक लाख एकतीस हजार चारशे. त्याला तीनशे पासष्टने भागलं की दिवसाला तीनशे साठ. निम्मे पैसे आल्यावर दिवसाला एकशे ऐंशी. दहा जानेवारीनंतर पंचेचाळीस दिवस म्हणजे चोवीस फेब्रुवारी. राहिले दिवस मोजायचे. तिने कॅलेंडर घेतलं आणि चोवीस फेब्रुवारीवर बोट ठेवून मोजत गेली. वीस एप्रिलपर्यंत छप्पन्न. मग वीस एप्रिलवर बोट ठेवून सहा ऑगस्टपर्यंत एकशे नऊ. एकूण दंड एकोणचाळीस हजार सातशे ऐंशी. तिने आकड्याखाली दोन रेघा मारल्या. त्या साहेबाच्या मानेवर मारल्यासारख्या.

"काय गं, कुणाचा गळा कापतेयस?" सासूबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

तिने सांगितलं. सासूबाईंना साहेबाची सगळी कुंडली पाठ होती, दोन वर्षं भाजी निवडताना त्याच ऐकत होत्या. त्यांनी कॅलेंडर आपल्याकडे ओढलं. शिंप्याचा खडू घेऊन घरामागून घर खुणा करत गेल्या आणि म्हणाल्या, पंचावन्न.

तारीखबाईने पुन्हा मोजलं. छप्पन्न. सासूबाईंनी पुन्हा मोजलं. पंचावन्न. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"टेपचं टोक कुठे धरतेस तू? कापडाच्या कडेला. त्या कडेला एक म्हणतेस का? तिथे शून्य असतं. चोवीस तारखेला त्याची मुदत संपायची होती ना? म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी जरी पैसे दिले असते तरी तो वेळेतच होता. मग तो दिवस त्याच्या माथी कसा मारतेस?"

ऑर्डरवरचं कलम तारीखबाईने पुन्हा वाचलं. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रक्कम खात्यात जमा होण्याचा दिवस धरून. म्हणजे पंचवीस फेब्रुवारीपासून. फेब्रुवारीचे चार, मार्चचे एकतीस, एप्रिलचे वीस. पंचावन्न. आणि वीस एप्रिल तर तिने दोनदा मोजला होता, एकदा पूर्ण रकमेवर, एकदा निम्म्यावर. एप्रिलचे उरलेले दहा, मेचे एकतीस, जूनचे तीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे सहा. एकशे आठ.

पंचावन्न गुणिले तीनशे साठ, एकोणीस हजार आठशे. एकशे आठ गुणिले एकशे ऐंशी, एकोणीस हजार चारशे चाळीस. एकूण एकोणचाळीस हजार दोनशे चाळीस. पाचशे चाळीस कमी झाले. ते खोडताना तिला अंगावरचा दागिना उतरवल्यासारखं वाटलं. त्या माणसाचे पाचशे चाळीस जास्त गेले असते तर काय बिघडलं असतं?

"बिघडलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तो खरं बोलला होता, असं झालं असतं."

शुक्रवारी ती एकटीच गेली. तेच ऑफिस, तोच गालिचा, दाराशी अजून तसाच उसवलेला. साहेबाशेजारी एक तरुण मुलगी बसली होती, गळ्यात ओळखपत्र. ती नवीन आलेली अंतर्गत तपासनीस होती, वादाच्या मागण्यांच्या फायली आता तिच्या नजरेखालून जात.

साहेब हसला. "अरे, तूच का? अजून मोजतेस?"

"तुमच्या कृपेने," ती म्हणाली आणि कागद पुढे सरकवला.

त्याने टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि पेनाचं टोक टेकवत टेकवत मोजायला लागला. तारीखबाई त्याचं पेन बघत होती. ते चोवीस फेब्रुवारीवर टेकलं तेव्हा तिच्या छातीत एकदम गार वाटलं. वीस एप्रिलला पोचून त्याने पेन खाली ठेवलं.

"छप्पन्न," तो तपासनीस मुलीकडे वळून म्हणाला. "या पंचावन्न म्हणतात. बघा, पहिल्याच ओळीत चूक. मी काय सांगत होतो?"

तारीखबाईने घाई केली नाही. या क्षणाची तिने दोन वर्षं वाट पाहिली होती आणि तो चावून खायचा होता. ती म्हणाली की साहेब म्हणत असतील तर छप्पन्न करू, मग कंपनी आम्हाला तीनशे साठ जास्त देणं लागते. पण चोवीस तारीख मुदतीतली आहे. खोटे दिवस घ्यायला मी आलेली नाही.

तपासनीस मुलीने खाली बघून ओठ दाबले. मग स्वतः मोजलं. पंचावन्न. साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्याने मग दुसरा मोहरा काढला. पहिल्या चेकवर एकतीस मार्च होती, दुसऱ्यावर पंधरा जून. म्हणजे पस्तीस दिवस आणि शहात्तर दिवस. सव्वीस हजार दोनशे ऐंशी ते असे. चेक त्या तारखांना तयार होते, आता पुरवठादाराने उशिरा नेले तर कंपनी काय करणार?

तारीखबाईने बँकेचा उतारा ठेवला. कलमात चेकची तारीख नाही, खात्यात जमा होण्याची आहे, हे तिने बोट ठेवून दाखवलं. खरं तर तेवढ्यावर काम झालं होतं. पण तिला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. ती मुलीला म्हणाली, "चेक नेणाऱ्याची तारीख घालून सही घ्यायचं एक रजिस्टर असतं इथे. मीच सुरू केलं होतं. डावीकडचं कपाट, वरचा कप्पा."

रजिस्टर आलं. दादाच्या सह्या होत्या, सोळा एप्रिल आणि तीन ऑगस्ट. मुलगी पान बघून थांबली नाही. मागची पानं उलटत गेली, एका हाताने रजिस्टर, दुसऱ्या हातात चेकबुकाची स्थळप्रत. दर पानावर तेच, प्रत्येक पुरवठादाराच्या चेकची तारीख आणि तो हातात पडल्याची तारीख यांत आठवड्यांचं अंतर. मग तिने साहेबाकडे शांतपणे ड्रॉवरची किल्ली मागितली.

किल्ली देताना त्याचा हात खिशात अडकला. तारीखबाईने ते नीट बघून घेतलं, पुढे कधीही आठवता येईल असं.

तेरा दिवसांनी एकोणचाळीस हजार दोनशे चाळीस जमा झाले. दादाने सगळ्या वेल्डरांना जेवायला नेलं. नवीन ऑर्डर काही आली नाही, पण तो त्याबद्दल बोलला नाही. साहेबाला तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत हलवल्याचं तिला जुन्या मैत्रिणीने कळवलं. तिने तो निरोप सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला आणि दोघी पोटभर हसल्या. झोपही छान लागली. वाईट वाटण्याची तिने वाट बघितली, ते काही आलं नाही.

फक्त एक गोष्ट तिला सुटत नाही. थकवलेल्या पैशांवरचं व्याज कंपनीच्या खात्यात पडत होतं आणि दंडही कंपनीनेच भरला. साहेबाचा पगार तेवढाच होता, बढतीसुद्धा त्याला कधी मिळाली नाही. रजिस्टरच्या पानापानावर त्याने लोकांचे दिवस अडवून ठेवले होते, आणि त्यातला एकही त्याच्या पदरात पडला नव्हता.

मग त्या चेकांवर बसून राहण्यात त्याला स्वतःला मिळत काय होतं?