अप्पांचं ॲप

क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट मी कधी नीट वाचत नसे. बिल भरायचं आणि मेल बंद करायचा. त्या रविवारी मात्र नवरा कागदपत्रं आवरताना मागच्या महिन्यांची स्टेटमेंटं उघडून बसला आणि म्हणाला, "हे काय घेतेस तू दर महिन्याला?"

प्रत्येक स्टेटमेंटवर एकच रक्कम होती. पुढे मोबाइलच्या ॲप स्टोअरचं नाव, आणखी काही नाही. मला काहीच आठवेना. माझ्या फोनमध्ये सबस्क्रिप्शनची यादी उघडून पाहिली, तर ती रिकामी. "कार्ड कुणाच्या तरी हाती लागलंय," असं म्हणत त्यानं कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद केले.

सोमवारी सकाळची शाळा शिकवून सुटल्यावर मी बँकेच्या वसमतच्या शाखेत गेले. तिथल्या मॅडमनी माझ्याच फोनवर बँकेचं ॲप उघडायला लावलं आणि कार्डावर चालू असलेल्या मंजुऱ्या दाखवल्या.

"ही बघा. पहिल्या वेळी तुमच्याच नंबरवर ओटीपी आला, तो टाकून मंजुरी दिलेली हाय. त्यानंतर रक्कम लहान असली की ओटीपी लागत न्हाई. पैसे जायच्या आधी मेसेज येतो फक्त."

मेसेज येत होते. जाहिरातींच्या गर्दीत मी ते कधी उघडलेच नव्हते.

"तक्रार नोंदवता येईल," त्या म्हणाल्या, "पण आधी घरी बघा. जुना फोन, जुनं ईमेल खातं, काही हाय का?"

जुना फोन होता. पलीकडच्या गल्लीत, माझ्या वडिलांकडे.

अप्पा बाजार समितीच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मग मेंदूला झटका आला. हातपाय सुधारले, पण शब्द गेले. सगळं समजायचं, जिभेवर मात्र येईना. नांदेडला बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी एक ॲप सुचवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते माझ्या त्या वेळच्या फोनवर घेतलं, पहिले काही दिवस फुकट म्हणून कार्ड जोडलं, आणि घरी आल्यावर फोन अप्पांना देऊन टाकला. पुढे ते फारच गप्प झाले. आम्हाला वाटलं, प्रयत्न सोडला त्यांनी. ॲप मी विसरूनच गेले.

बँकेतून मी थेट माहेरी गेले. "माय, अप्पा कुठंयत?"

"वर. जेवण झालं की रोज जाऊन बसतेत. मी म्हणलं, एकटं बरं वाटत असंल."

जिन्यातच मला तो आवाज आला. आधी फोनमधल्या बाईचा: "हे काय आहे?" मग बराच वेळ शांतता. मग अप्पांचा, खरखरीत, अडखळत: "छ... छत्... छत्री." फोन टिंग वाजला. अप्पा हलकेच हसले.

मी दारात उभी राहिले. मला पाहून त्यांनी फोन उशीखाली सारला, चोरी पकडली गेल्यासारखा. मी शेजारी बसले आणि कार्डाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. फोन काढून माझ्या हातात ठेवत म्हणाले, "बंद... क..."

"करू का बंद?" मीच शब्द पुरा केला.

त्यांनी डोळे मिटले. तेव्हाही मला कळलं नाही. मी विचारलं, "अप्पा, इथं बोलता, मग आमच्याशी काहून बोलत न्हाई?"

या वेळी मी ओठ दाबून बसले. खाली मायनं भांडी घासायला घेतली होती. फार वेळ गेला. अप्पांनी फोनकडं बोट केलं.

"हे... वाट... बघतं." मग माझ्याकडं. "तुमी... न्हाई."

खरंच होतं ते. त्यांनी तोंड उघडलं की पाणी हवं, औषध हवं, पंखा लावू, असं आम्ही सगळे सांगून मोकळे व्हायचो. त्यांना तकलीफ नको, म्हणूनच. मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तक्रार मी केली नाही. घरी येऊन कार्ड पुन्हा सुरू केलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो नुसता "ऱ्हाऊ दे चालू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांशेजारी जाऊन बसला.

मायला हे वाट बघणं सगळ्यात जड गेलं. पहिल्या दिवशी ताटावर अप्पा "ठे... ठे..." करत थांबले, आणि ठेच्याची वाटी हाताजवळ असून ती पदर तोंडात धरून बसली. भाकरी निवत होती.

"ठेचा," अप्पा म्हणाले. मग वाटीत बघून, कुणी न विचारता, "थोडा... जास्त."