उलट भाषांतरात जुळलेले वाक्य

वर्तमानपत्राची नोकरी संपल्यावर नागपूरच्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मी गेलो. अशा समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सदस्य लागतो.

एका बैठकीत कर्करोगाच्या एका नव्या औषधाच्या चाचणीचे मराठी संमतिपत्र मंजुरीसाठी होते. पद्धत ठरलेली. इंग्रजीचे मराठी होते. मग मूळ न पाहिलेला दुसरा भाषांतरकार त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहतात.

पहिल्या मसुद्यात रुग्णालयातल्या समाजसेविकेने लिहिले होते : ‘तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. नाही म्हटले तरी इथले उपचार आणि दुखण्याच्या गोळ्या मिळत राहतील.’ त्याचे इंग्रजी परत आले तेव्हा औषध कंपनीच्या तपासनिसाने शेरा मारला, गोळ्यांचा उल्लेख मूळ इंग्रजीत नाही. वाक्य बदलले : ‘सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, देय लाभांस बाधा न येता, सहभाग संपुष्टात आणू शकते.’ या वेळी उलट भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळले.

“जुळलं, पण वाचणार कोण?” समाजसेविकेने विचारले. अध्यक्ष म्हणाले, “समजावून सांगायला तुम्ही आहातच ना, मॅडम.” मंजुरी एकमताने झाली. त्यात माझेही मत होते.

काही महिन्यांनी समितीतर्फे पाहणीसाठी मी वॉर्डात गेलो. चाचणीत असलेला भिवापूरकडचा एक शेतकरी खाटेवर पडून होता. बायको पाय चेपत होती.

“यायले घरी जायचं हाय,” ती म्हणाली. “मिरचीचा तोडा सुरू हाय. पन सही केली ना आता. मधात सोडलं त दुखन्याच्या गोळ्या बंद करतीन.”

“मी का जेलात हावो का वं?” नवरा डोळे मिटूनच म्हणाला. “सुटी कवा होते, इचार साहेबाले.”

मी तिला सांगितले, चाचणी कधीही सोडता येते. गोळ्या बंद होत नाहीत.

“कागदावर हाय हे?”

मी संमतिपत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवले. तिने ती ओळ अक्षर अक्षर जुळवत वाचली, पुन्हा वाचली.

“हे वाचलं होतं मी,” ती म्हणाली. “सहीच्या दिवशी.”

त्याच दुपारी, नवऱ्याला घरी न्यायचे आहे, असे तिने डॉक्टरांना सांगितले. कुणी अडवले नाही. चाचणीतून त्याचे नाव निघाले, गोळ्या चालू राहिल्या. पण आता ऑक्सिजन सुटत नव्हता आणि एवढा प्रवास त्याला झेपणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले.

जिन्यापाशी तिने मला गाठले. “पंधरा दिवसाआधी काहून नाही सांगतलं कोनी? तवा हे बसमंधी बसू शकत होते.”



पुढच्या बैठकीत मी ते वाक्य बदलायची मागणी केली. कंपनीचे उत्तर आले : उलट भाषांतरात तफावत आढळलेली नाही. तोवर तो शेतकरी उमरेड रोडने भिवापूरला गेला होता, शववाहिकेतून.