अंशुल मोहित्यांचा गोड नकार

देवासच्या अंशुल मोहित्यांना ‘नाही’ हा शब्द लिहिता येतो, वाचता येतो, फक्त वापरता येत नाही. न्हाव्याकडे दाढी करायला जातात आणि तो “भिया, चंपी भी कर दूँ?” म्हणाला की मान आपोआप पुढे जाते. कॉलनीतल्या तिन्ही गणेश मंडळांचे ते सदस्य आहेत, कारण तिन्ही मंडळांनी त्यांना विचारलं होतं. कपड्यांच्या दुकानातून ते दुकानदाराला आवडलेला शर्ट घेऊन येतात.

नोकरी इंदूरच्या एका कंपनीत, काम बहुतेक घरूनच. तिथे पावत्यांचं सॉफ्टवेअर करताना त्यांच्या लक्षात आलं की रकमा अक्षरांत लिहिताना मराठीचे भलतेच हाल होतात. इंग्रजीत वीस कळलं की पुढचं जमतं. मराठीत त्रेसष्ट वेगळा, चौसष्ट वेगळा, आणि एकोणऐंशीला तर आपण सत्तरीत आहोत की ऐंशीत हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून अंशुलनी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटी लायब्ररी लिहिली, म्हणजे कुणालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येईल असा तयार कोड. आकडा द्या, मराठी शब्द घ्या. नाव ठेवलं ‘अंकाक्षर’ आणि गिटहबवर सगळ्यांसाठी खुली करून टाकली. माहितीच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: ‘आकडा आत, शब्द बाहेर, बाकी काही नाही.’ ‘नाही’ त्यांनी वापरल्याचा हा तोवरचा एकमेव लेखी पुरावा.

लायब्ररी लहान होती म्हणूनच लोकांना आवडली. बरेच जण ती आपापल्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरू लागले.

अशात एके सकाळी धारहून एक पुल रिक्वेस्ट आली. म्हणजे कुणीतरी कोडमध्ये बदल करून ‘हा तुमच्यात घ्या’ अशी विनंती केली होती. पाठवणारा योगेंद्र नावाचा, धारमध्ये कॉम्प्युटरचे क्लास घेणारा. त्याने लायब्ररीला आवाज दिला होता. शून्यापासून शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा, वर हजार, लाख, कोटी, सगळं ध्वनिमुद्रित. सोबत त्याने लिहिलं होतं: ‘माझ्या क्लासची मराठी घरातली मुलं हिंदी शाळेत शिकतात. त्यांना एकोणसाठ म्हणजे किती ते कळत नाही. ऐकलं तर कळेल. आवाज माझ्या आईचा, मालन नाव तिचं.’

कोड नीटनेटका होता. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. अंशुलनी फाइल उघडली आणि एका ठसठशीत, मायाळू आवाजाने त्यांना ‘त्र्याहत्तर’ ऐकवलं. त्यांनी शंभरपर्यंत ऐकलं.

“हे घेता येणार नाही,” ते बायकोला म्हणाले.

गुंजन चकित झाली. “तू हे वाक्य आत्ता पूर्ण म्हणालास?”

“तुला म्हणालो. त्याला कसं म्हणू?”

अडचण खरी होती. पावत्या छापणाऱ्या सर्व्हरला आवाजाचं काय करायचंय? ध्वनीच्या फाइली मूळ लायब्ररीच्या कित्येक पट जड. एकदा आत घेतल्या की पुढे काढून टाकल्या तरी कोडच्या जुन्या नोंदींत राहणार, आणि तो सगळा साठा उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला ते ओझं वाहावं लागणार. शिवाय आज मराठी आवाज घेतला तर उद्या दुसरा कुणी माळवीतला आवाज पाठवील, आणि त्यालाही हो म्हणावं लागेल. अंशुलना स्वतःची नीट ओळख होती.

त्यांनी उत्तर लिहिलं. ‘फार सुंदर काम! तुमच्या आईंचा आवाज अप्रतिम. सध्या प्रोजेक्टची दिशा थोडी वेगळी आहे, पण कल्पना मनापासून आवडली. बघूया!’ आणि विनंती बंद न करता तशीच उघडी ठेवली. बंद केलं तर वाईट दिसेल ना.

धारमध्ये योगेंद्रने ते वाचलं. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मनापासून’ आणि ‘बघूया’. कुणीही समजेल तेच तो समजला. त्याने आईला पुन्हा बसवलं. पंखा बंद, खिडक्या बंद, मालनबाई घामाघूम. जिथे मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती ते आकडे नव्याने म्हणून घेतले. मग हिंदी आकडेही म्हणून घेतले. आठवड्याच्या शेवटी त्याच विनंतीत नवे बदल येऊन पडले, वजन दुप्पट, आणि खाली ओळ: ‘आईचा गळा जरा बसलाय, पण काम झालं. आता घेता ना, भिया?’

अंशुलचा चेहरा बघून गुंजनने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. ती एका शाळेत प्रवेशाचं काम बघते. जागा भरल्या आहेत हे सांगण्यात तिचा एप्रिल जातो.

“यात नकार कुठेय?” तिने पहिला मेसेज वाचून विचारलं.

“‘थोडी वेगळी’ म्हटलंय की.”

“अरे यार, त्या ‘थोडी’पायी एका बाईचा गळा बसला! नाही म्हणायचं ते दुसऱ्याच वाक्यात म्हण. कारण दे. आणि पुढे काय करता येईल ते सांग. ‘बघूया’ आलं तर मी वाय-फाय बंद करीन.”

सकाळभर खाडाखोड झाली. अंशुल ‘कदाचित’ घालायचे, ती काढायची. शेवटी गेला तो मजकूर असा:

‘योगेंद्रजी, तुमचा कोड आणि आईंचं उच्चारण दोन्ही उत्तम आहेत. तरी हा बदल अंकाक्षरमध्ये घेणार नाही. ही लायब्ररी फक्त शब्द देते आणि ती तेवढीच लहान ठेवायची आहे. ध्वनीच्या फाइलींनी ती सगळ्यांसाठी जड होईल. हे मी पहिल्याच वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं. मोघम लिहिल्यामुळे तुम्हा दोघांचे कष्ट वाढले, माफ करा. हेच काम अंकाक्षरवर आधारलेलं वेगळं पॅकेज म्हणून छान उभं राहील. तुम्ही ते केलंत तर आमच्या माहितीच्या पानावर त्याची लिंक देईन. ही विनंती बंद करतो आहे.’

“दाब,” गुंजन म्हणाली. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

दिवसभर उत्तर नाही. अंशुलनी जेवताना फोन पाहिला, चहा घेताना पाहिला. आपण एका माऊलीचं मन मोडलं अशी त्यांची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी योगेंद्र लिहिता झाला: ‘पटलं, भिया. वेगळं पॅकेजच बरं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मुलगा भला दिसतो, पण एवढं सांगायला त्याला आठवडा का लागला?’

पॅकेज महिन्याभरात तयार झालं. अंशुलनी शब्द पाळला, लिंक दिली. योगेंद्रच्या क्लासमध्ये पोरं मालनबाईंच्या मागे मोठ्याने आकडे म्हणू लागली. धारजवळच्या तिरल्याच्या एका शिक्षिकेनेही ते आपल्या वर्गासाठी मागून घेतलं.

उत्साहाच्या भरात अंशुलनी योगेंद्रच्या पॅकेजला स्वतःची एक पुल रिक्वेस्ट पाठवली. प्रत्येक आकडा थोडा भरभर ऐकू यावा, असा बदल. खपून केला होता.

तासाभरात ती बंद झाली. ‘धन्यवाद, भिया. पण हे घेत नाही. हे शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, सावकाशच हवं. घाई असणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती करायची तर खुशाल करा.’

अंशुलनी ते दोनदा वाचलं. मग गुंजनकडे फोन धरून म्हणाले, “बघ, किती सरळ लिहितो! आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.”

“अजिबात?”

“म्हणजे,” ते म्हणाले, “थोडंसं.”