जनूनं पुसून टाकलेले फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय, तेही धीर एकवटला म्हणून नव्हे. गप्प बसून बसून थकलो, म्हणून.

गोष्ट एवढीशी आहे की ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय? मित्रानं फोटोत टॅग करू नये असं मला वाटत होतं. एवढंच. माणसं याहून अवघड गोष्टी रोज एकमेकांना सांगतात. मला नाही सांगता आली.

जनू माझा शाळेपासूनचा मित्र. पनवेलच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो बेलपाड्याचा. घरची शेती सरकारी प्रकल्पात गेली, भरपाईचे पैसे आले, त्यातून त्यानं विटा-रेती-खडीचा धंदा उभा केला. मी बँकेत चिकटलो, सावकाश वर चढलो, करंजाड्याला फ्लॅट घेतला. जनूला मूलबाळ नाही. तो, त्याची बायको वनिता, आणि घरात सदैव चार पाहुणे.

त्याला फोटोंचा भारी सोस. कुणाची हळद, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या नव्या डंपरची पूजा — हा फोटो काढणार आणि फेसबुकवर टाकणार. आणि मी त्यात असलो की माझं नाव जोडणार. नुसतं नाव नव्हे, वर एक ओळही असायची: 'आमचा शालेतला दोस्त, बँकेत मोठा साहेब.'

त्याच्याकडं ही रीतच आहे. तुम्ही आमच्या भागातले बॅनर पाहिले असतील. वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, खाली शुभेच्छुकांची नाहीतर शोकाकुलांची नावं असतात. त्यात एखाद्याचं राहिलं तर तो माणूस दोन वर्षं बोलत नाही. जनूच्या लेखी टॅग म्हणजे तेच. नाव घालणं म्हणजे मान देणं. आणि कुणी आपणहून 'माझं नाव काढ' म्हणाला तर? त्याचा अर्थ एकच — संबंध संपला.

हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगणं अवघड होतं, असं मी स्वतःला बजावत असे. पण मला टॅग नको का होते, ते अजून मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

बँकेतल्या एकानं जनूचा हळदीतला फोटो पाहिला होता. मी डोक्याला रुमाल बांधून, हातात मटणाची थाळी घेऊन, मागं डीजेचे खोके. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय साहेब, बँक सोडून बँडमध्ये जाताय की काय?" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता म्हणालो, "गाववाले आहेत हो, ऐकत नाहीत."

गाववाले. ज्याच्या घरी मी दहावीचं वर्षभर दुपारी जेवलो, तो माझ्या तोंडून एका क्षणात 'गाववाले' झाला. खरं कारण ते होतं. खाजगीपणा वगैरे नंतर सुचलेलं. मला जनूची लाज वाटत होती.

आधी मी चोरून मार्ग काढले. फोटोवरच्या तीन टिंबांवर दाबून स्वतःचा टॅग काढता येतो. फोटो तिथंच राहतो, फक्त आपलं नाव जातं, आणि टाकणाऱ्याला तशी सूचनाही जात नाही. दोन-तीनदा तसं केलं. पण जनू आपले फोटो पुन्हा पुन्हा पाहणारा. त्याचा फोन आला, "अरे, तुजं नाव उडालं व्हतं. मी परत टाकलं हाय, काल्जी करू नको." मग मी सेटिंगमध्ये जाऊन असं केलं की टॅग केलेली पोस्ट मी मंजूर केल्याशिवाय माझ्या पानावर येणार नाही. पण त्यानं जनूच्या पानावरचं माझं नाव जात नव्हतं. आणि बँकेतल्या त्या माणसानं तोवर फेसबुकवर जनूशी मैत्री जोडली होती, मजा बघायला. म्हणजे सांगण्यावाचून इलाज नव्हता.

मुलीला विचारलं. मुक्ता कॉलेजात आहे, तिला यातलं कळतं. तिला अर्थात लाजेचं बोललो नाही. ती म्हणाली, "बाबा, ते चुकतायत असं वाटू द्यायचं नाही. कमेंटमध्ये तर अजिबात लिहू नका, सगळे वाचतात. एकटे असताना सांगा. आधी त्यांचं काय आवडतं ते. मग स्वतःबद्दल बोला, त्यांच्याबद्दल नाही. नेमकं काय नको तेवढंच सांगा, आणि त्याऐवजी काय चालेल तेही."

तिनं वाक्यंसुद्धा जुळवून दिली. मला ती आजही पाठ आहेत — 'जनू, तू मला आठवणीनं टॅग करतोस, त्यामागचं प्रेम मला कळतं. पण चारचौघांत नाव आलं की मला अवघडतं, माझा स्वभावच तसा. तू फोटो टाकत राहा, मी त्यात असलो तरी चालेल. फक्त नाव जोडू नको. आणि मला ते व्हॉट्सॲपवर पाठव, मला हवेच असतात.' किती साधं. यात कुणाला काय लागणार होतं? जनू दोन शिव्या हासडून 'बरं' म्हणाला असता. मला आता खात्री आहे.

त्याच्या वखारीवर गेलो. दोघंच होतो. चहा आला. मी सुरुवात केली, "जनू, ते तू मला टॅग करतोस ना..."

त्यानं मान वर केली. चेहरा इतका उघडा, इतका खूश, की आपल्या कामाचं कौतुक होणार आहे असं त्याला वाटलं असावं. प्रेम कळतं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? आणि त्यानं विचारलं असतं तर — 'का रं, लाज वाटतं का आमची?' — मी काय सांगणार होतो?

मी म्हणालो, "बँकेत वरून पत्रक आलंय. कर्मचाऱ्यांची नावं अशी फोटोंवर दिसली तर चौकशी लावतात."

असं कुठलंही पत्रक आलं नव्हतं.

जनूचा चेहरा उतरला. स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी. "मंग आदी का नाय बोलला? मी इतकी वरसं टाकतंय." मी म्हणालो, यापुढं नको टाकू, झालं. तो म्हणाला, "नाय नाय. जुनं पन बगतील ते." मी 'अरे जुन्याचं राहू दे' म्हणालो खरं, पण हलक्या आवाजात. सुटका झाल्यासारखं वाटत होतं मला. चहा पूर्ण प्यायलो. घरी मुक्ताला सांगितलं, झालं बोलणं, तू म्हणालीस तसंच.

संध्याकाळी जनूचा फोन. "सगला साफ केला रं. तुजं नाव व्हतं त्या सगल्या पोस्टी काडून टाकल्या. येक पन ठेवली नाय."

नाव जोडणं त्याला येत होतं; पण नुसतं नाव काढायचं तर फोटोला हात लावावा लागत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी बॅनरवरचं एक नाव काढायचं तर अख्खा बॅनरच उतरवावा लागतो.

मी म्हणालो, बरं केलंस. तो मग म्हणाला, "वनिताचं पन गेलं त्यांच्यात. जाऊ दे. मानूस गेला, फोटूचं काय."

वनितावहिनी या सगळ्याच्या काही महिने आधी गेल्या होत्या. कॅन्सरनं.

आता हे नीट सांगतो, कारण टाळायची इच्छा इथंच होते. वहिनींना फोटोचा तिटकारा. जनूनं फोन धरला की पदर तोंडावर. फक्त आम्ही गेलो की, पाहुण्यांचा मान म्हणून, त्या आमच्या शेजारी उभ्या राहत. त्यामुळं त्यांचे जे काही हसरे फोटो होते, ते माझ्यासोबतचे होते. शेवटच्या वर्षातलेही — मी भेटायला गेलो की त्या उशाला टेकून बसायच्या आणि जनू फोटो काढायचा. त्याचा जुना फोन वखारीत विटांच्या ट्रकखाली गेला होता. त्या फोटोंना दुसरी जागा नव्हती. माझ्या फोनमध्ये? मी एकही उतरवून घेतला नव्हता. का घेईन?

आणि तरीही तेव्हा सगळं संपलं नव्हतं. काढलेली पोस्ट ट्रॅशमध्ये जाते, महिनाभर तिथं राहते, हवी तेव्हा परत आणता येते. हे मला त्या फोनवर, त्याच मिनिटाला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं — थांब, मी येतो, परत आणू. नावं मी माझी काढतो.

पण मग तो विचारणार, तुला काढता येतात तर मला का बोललास? आणि पत्रकापर्यंत धागा गेला असता.

त्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा त्याचा फोन माझ्या हातात होता, चार्जिंग होत नाही म्हणून त्यानंच दिला होता. तो आत चहा टाकत होता — वहिनी गेल्यापासून चहा तोच टाकायचा. मी पिनमधली धूळ काढली. चार्जिंग सुरू करून दिलं. फोन टेबलावर ठेवला. चार वेळा बोट लावलं असतं तर वहिनी परत आल्या असत्या. त्याला कळलंही नसतं कुणी आणल्या. मग का नाही केलं? कारण मग त्या पोस्टी परत दिसल्या असत्या. माझ्या नावासकट, एकेक नाव मी काढेपर्यंत तरी. मला हे सांगतानाही शरम वाटते, पण त्या क्षणी मनात बँकेतला तो माणूस आला.

महिना गेला.

वहिनी गेल्या तेव्हा घाईत आधारकार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केली होती. धुरकट, डोळे विस्फारलेले, अपराध्यासारखा चेहरा. जनू तेव्हा म्हणाला होता, वर्षश्राद्धाला हसतानाचा चांगला लावू. वर्षश्राद्धाच्या आधी तो माझ्याकडं आला. लग्नाच्या अल्बममधल्या वहिनी होत्या, पण ती कोवळी पोर होती, त्याला ती नको होती. भाच्यांच्या फोनमध्ये पदर आणि अर्धा कान. सोफ्याच्या कडेला बसून त्यानं विचारलं, "भास्कर, तुज्याकडं असंल का रं येकादा? तू व्हतास ना शेजारी."

मी फोन काढला. शोधल्यासारखं केलं. नाही म्हणालो.

तो म्हणाला, "बरं बरं. तुज्यावर उगाच बला नको," आणि माझ्या बायकोला नमस्कार करून निघाला. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर मलाच विचारतो, "चौकशी-बिकशी नाय ना लागली?"

वर्षश्राद्धाला गेलो. तीच फ्रेम, नवा हार. मी फूल वाहिलं. कुणीतरी सगळ्यांचा फोटो काढायला लागलं तर जनूनं हात वर करून मला बाजूला केलं आणि त्या माणसाला म्हणाला, "थांब, याचा नको काडू. याला चालत नाय." फार मायेनं म्हणाला.

तेव्हापासून तो मला कुठल्याच फोटोत घेत नाही. फोटो निघायला लागला की मी आपण होऊन भिंतीकडं सरकतो. मला हवं होतं ते मला मिळालं.

पत्रक आलं नव्हतं, हे मी जनूला सांगितलेलं नाही. वनितावहिनींचे फोटो महिनाभर परत आणता येत होते आणि मला ते माहीत होतं, हेही नाही. या दोन गोष्टी मी त्याला देणं लागतो.